खाड्याचा हिशेब



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं बहुतेक आयुष्य औद्योगिक वसाहतींतल्या कामगार बायकांबरोबर गेलं. म्हणून आज मी एका कागदाविषयी बोलणार आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात, जिथे मोटारींचं वायरिंग हार्नेस तयार होतं, तिथल्या कर्मचारी कल्याण समितीने कंपनीला एक प्रस्ताव दिला. पाळीच्या दिवसांत आणि पाळी जाण्याच्या वयात बायकांना नीट काम करता यावं, यासाठी कंपनीने काय बदलावं, हा त्याचा विषय. कामगार कल्याण अधिकारी म्हणून माझी नोकरी झालेली, त्यामुळे मसुद्यावर नजर टाकायला समितीने मला बोलावलं होतं.

पहिला मसुदा जेमतेम पानभर होता. मागणी एकच होती, महिन्याला दोन दिवस पगारी रजा. आधार म्हणून बिहारचं उदाहरण दिलं होतं. तिथल्या सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा आहे आणि ती त्यांच्या आंदोलनानंतर मिळाली, हे खरंच आहे. मसुदा वाचून झाला, माना डोलल्या. तेवढ्यात क्रिंपिंग मशीनवर काम करणारी एक बाई म्हणाली, "ताई, रजा मिळेल हो. पण खाडा पडला तर हजेरी भत्त्याचं काय?"

या प्रश्नाने सगळा प्रस्ताव उलटापालटा झाला. तो प्रश्न काय आहे, हे आधी सांगते.

बहुतेक कारखान्यांत मूळ पगारावर हजेरी भत्ता असतो. महिन्यात एकही गैरहजेरी नसेल तर पूर्ण भत्ता, एक दिवस चुकला तर निम्मा किंवा शून्य. हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. रोजची मजुरी 600 रुपये आणि पूर्ण हजेरीचा भत्ता 1,200 रुपये. बाई एक दिवस घरी राहिली तर तिचे 600 बुडतात आणि वरचे 1,200 सुद्धा. एका दिवसाची किंमत 1,800 रुपये, म्हणजे तीन दिवसांची मजुरी. आता तिला पगारी रजा दिली, पण भत्त्याचा नियम तसाच ठेवला, तरी 1,200 जातातच. पगारी म्हणून दिलेली रजा घेतली की दोन दिवसांच्या मजुरीइतकं नुकसान. अशी रजा कोण घेईल? तिला पोट आवळून येणं परवडतं.

कायद्याची सोय बघितली तर तिथेही ही बाई मधल्या फटीत सापडते. 1948 च्या कारखाने कायद्याने जी पद्धत घालून दिली, तिच्यात 20 दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. पण आजारपण सोडलं तर तिचा अर्ज 15 दिवस आधी द्यायचा. पोटात कळ कधी येणार हे 15 दिवस आधी सांगता येत नाही. आजारपणासाठी राज्य कामगार विमा योजना आहे. तिच्यात आजारपणाचा लाभ मजुरीच्या 70 टक्के मिळतो, पण नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही. पाळीचा जोर साधारण पहिल्या एक-दोन दिवसांतच असतो. म्हणजे ज्या दोन दिवसांसाठी आधार हवा, नेमके तेच दोन दिवस योजनेच्या बाहेर. हा नियम बायकांविरुद्ध कट करून केलेला नाही. तो लांबलेलं आजारपण डोळ्यांसमोर ठेवून केला. दर महिन्याला येणारा आणि दोन दिवसांत ओसरणारा त्रास त्या वेळी कुणाच्या हिशेबातच नव्हता.

खाड्याची किंमत वाढत गेली की ती शरीराला कुठवर नेते, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिलं आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा पडला की 500 रुपयांपर्यंत दंड कापला जातो. फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि अंगावरून जात असलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी आकडेवारी आली, तिच्यात पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे डॉक्टरांनी घातलेली भीती होती, खासगी दवाखान्यांचा धंदा होता, अज्ञानही होतं. पण "पिशवी काढली की खाडे थांबतात" हा हिशेब त्या घरांमध्ये होता, तो खोटा नव्हता. ऊसतोडीचा फड आणि वातानुकूलित असेंब्ली लाइन यांत मोठं अंतर आहे, हे मला मान्य आहे. कारखान्यातल्या बायका खाडा टाळण्यासाठी पिशवी काढायला जात नाहीत. त्या वेदनाशामक गोळ्या खातात. पण गैरहजेरीला मजुरीपेक्षा मोठा दंड लावायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

म्हणून समितीने दुसऱ्या मसुद्यात रजेच्या दिवसांआधी भत्त्याचा नियम घेतला. वर्षाला 12 दिवसांची आरोग्य रजा मिळावी, ती अर्ध्या दिवसानेही घेता यावी, सकाळी केलेला फोन किंवा मेसेज पुरेसा असावा, दाखला लागू नये, आणि ही रजा हजेरी भत्त्यासाठी हजेरी धरावी. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. कंपनी 12 ऐवजी सहाच दिवस देत असेल पण हे वाक्य मान्य करत असेल, तर सहा घ्या, असं मी समितीला सांगितलं होतं.

रजा नुसती असणं आणि घेता येणं यातलं अंतर जपानमध्ये दिसतं. तिथे 1947 च्या कामगार कायद्यापासून पाळीची रजा हा हक्क आहे. पगार द्यावा असं बंधन मात्र कायद्यात नाही, आणि ही रजा मागायची म्हणजे वरिष्ठाला, बहुधा पुरुषाला, कारण सांगायचं. 2020 च्या सरकारी पाहणीत ही रजा मागणाऱ्या स्त्रिया शंभरात एकही भरल्या नाहीत. प्रमाण होतं 0.9 टक्के.

कारण सांगावं लागू नये, यासाठी काय करायचं? इथे हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरावं लागलं. रजेला वेगळं नाव दिलं की पडद्यावर वेगळा कोड येतो. तो कोड सुपरवायझरला दिसतो, पाळीप्रमुखाला दिसतो आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या लाइनला कळतो. दुसऱ्या एका कारखान्यात मी स्वतः ऐकलेला संवाद सांगते. सुपरवायझर मुलीला म्हणत होता, "काय गं, मागच्या महिन्यात पाच तारखेला घेतली होतीस, आता वीसला कशी?" तो दुष्ट माणूस नव्हता. लाइनवर माणूस कमी पडलं होतं आणि कोड त्याच्या समोर होता. समितीने लिहिलं की ही रजा नेहमीच्या आजारपणाच्या कोडखालीच जावी, स्त्री-पुरुष दोघांना मिळावी, आणि कुणाच्याही पाळीच्या तारखांची नोंद कंपनीने कुठेही ठेवू नये.

पुरुषांनाही रजा, यावर समितीत वाद झाला. काही जणींचं म्हणणं होतं की आपल्या त्रासाला त्याच्या नावाने मान्यता हवी. "सगळ्यांना सारखं" म्हणत आजवर तो झाकला गेला. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. दुसऱ्या जणींना भीती होती की पुढच्या भरतीत मुलीच घेणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हीच भीती बोलून दाखवली होती. अशी रजा सक्तीची केली तर स्त्रियांना कामावर घेणं टाळलं जाईल, हा धोरणाचा विषय आहे, सरकारने संबंधितांशी बोलून आदर्श धोरण ठरवावं, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सरकारी आणि खासगी दोन्ही क्षेत्रांसाठी महिन्याला एक पगारी दिवस मंजूर केला. सगळ्याच मालकांवर सारखंच बंधन आलं तर एकट्या कंपनीवरचा बोजा हा मुद्दा सौम्य होतो. पण महाराष्ट्रातली एकटी कंपनी स्वतःहून काही करत असेल, तेव्हा भरतीची भीती खरी धरावी लागते. समितीने सगळ्यांसाठी एकच रजा ही वाट घेतली, आणि भरतीत स्त्रियांचं प्रमाण किती राहिलं हे दर सहा महिन्यांनी समितीपुढे ठेवावं, असं कलम जोडलं. सगळ्या जणींचं समाधान झालं नाही.

आता लाइनकडे वळू, कारण माझ्या मते रजेपेक्षा मोठा प्रश्न तिथे आहे. महिन्यातून एखादा दिवस घरी राहता येईल, पण पाळी चार-पाच दिवस चालते आणि उरलेले दिवस कामावरच काढायचे असतात.

हार्नेस बोर्डवर प्रत्येक स्टेशनला मिनिटाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात वायर लावायची, क्लिप दाबायची, टेप गुंडाळायची. तोवर पुढचा बोर्ड आलेला असतो. एक बाई जागेवरून उठली की तिच्या मागे काम साचतं आणि पुढची रिकामी राहते. उठायचं तर लाल दिवा लावायचा, लाइन लीडर येणार, रिलीव्हर शोधणार. आठ तासांच्या पाळीत दोन वेळा 10 मिनिटांचा चहा आणि अर्धा तास जेवण. दोन सुट्ट्यांमध्ये जवळपास दोन तासांचं अंतर पडतं. डॉक्टर जास्त रक्तस्राव कशाला म्हणतात ते बघा. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी जाणं, सात दिवसांच्या वर अंगावरून जाणं. म्हणजे ज्या बाईला जास्त जातं, तिला कारखान्याच्या घड्याळाप्रमाणे पॅड बदलणं शक्यच नाही. मग ती दोन पॅड एकावर एक लावते, गडद रंगाची सलवार घालते आणि सकाळपासून पाणी पीत नाही. त्यातून लघवीची जळजळ सुरू होते, आणि ती दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये निराळा आजार म्हणून नोंदली जाते.

समितीतल्या दोघींनी सुट्टीत घड्याळ लावून पाहिलं. लाइनपासून बायकांच्या स्वच्छतागृहापर्यंत जायला तीन मिनिटं, तेवढीच परतायला. 10 मिनिटांच्या सुट्टीत उरली चार, आणि रांग निराळी. दर 25 बायकांमागे एक शौचकूप हा कारखान्यांच्या नियमांतला जुना हिशेब आहे, आणि कंपनी तो पाळत होती. पण तो हिशेब सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी होते हे धरत नाही. नवीन बांधकाम मागण्यापेक्षा समितीने दोन गोष्टी मागितल्या. लाइनच्या सुट्ट्या 15 मिनिटांच्या फरकाने पुढे-मागे कराव्यात आणि दर 20 स्टेशनांमागे एक रिलीव्हर फक्त याच कामासाठी असावी, जिला बाई स्वतः हात वर करून बोलावू शकेल. लाइन लीडरच्या परवानगीचा टप्पा काढून टाकायचा. उत्पादन विभागाने इथे विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता, कारण रिलीव्हर म्हणजे वाढीव माणूस. तडजोड अशी झाली की एका लाइनवर तीन महिने करून बघायचं आणि लाल दिवा लागून लाइन किती वेळ थांबते ते मोजायचं. थांबण्याचा वेळ कमी झाला. कारण आता कुणी अगदी असह्य होईपर्यंत वाट बघत नव्हतं.

स्वच्छतागृहाच्या आतल्या गोष्टी सांगायला सभेत संकोच वाटतो, पण धोरण तिथेच पास किंवा नापास होतं. झाकणाचा डबा बाहेर वॉश बेसिनपाशी होता. वापरलेलं पॅड हातात घेऊन सगळ्यांसमोरून तिथवर जायचं, त्यामुळे पॅड फ्लशमध्ये जायचं, ड्रेनेज लाइन तुंबायची आणि मेंटेनन्सवाले बायकांच्या नावाने ओरडायचे. डबा प्रत्येक कूपात हवा, पायाने उघडणारा. कागदाची पिशवी हवी, नळ आतच हवा, कपडे अडकवायला हुक हवा आणि दाराची कडी धड हवी. डबे रिकामे करणाऱ्या सफाई कर्मचारी बाईला हातमोजे हवेत. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेने 2013 मध्ये वापरलेली पॅड पॅडच्याच कंपन्यांना परत पाठवली होती, ती हे उघडं ओंगळ काम आपल्या हातांवर येऊ नये म्हणून. आपल्या सोयीचं ओझं दुसऱ्या बाईच्या हातावर टाकणारं धोरण मला चालणार नाही, हे मी समितीला स्पष्ट सांगितलं.

पॅड कंपनी आधीही ठेवत होती. ती प्रथमोपचार खोलीत, कपाटात. नाव, टोकन नंबर आणि सही करून मिळायची. वर्षभर खोका जवळजवळ भरलेला राहिला आणि व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला की गरज नाही. तोच खोका स्वच्छतागृहात उघडा ठेवला तेव्हा पहिल्या आठवड्यात तो रोज रिकामा होऊ लागला आणि "बघा, घरी नेतात" अशी तक्रार आली. नेत असतीलही. समितीने आणखी काही आठवडे थांबायला सांगितलं. खोका उद्याही भरलेला असणार याची खात्री पटल्यावर खप एका ठरावीक पातळीला येऊन टिकला. पहिल्याच आठवड्यात कुलूप लावलं असतं तर सगळं पुन्हा कपाटात गेलं असतं.

आता प्रस्तावाच्या त्या भागाकडे येते, जो पहिल्या मसुद्यात अजिबात नव्हता. पाळी जाण्याचं वय. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 च्या आसपास थांबते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, आणि त्याआधीची काही वर्षं गडबडीची असतात. त्या वयाची बाई कारखान्यात कुठे असते? ती जुनी, पक्क्या हाताची. बहुधा तपासणीच्या टेबलावर किंवा लाइन लीडर. महिन्याला एक दिवस पाळीची रजा तिच्या उपयोगाची नाही. तिला तीन महिने काहीच येत नाही, मग तीन आठवडे थांबत नाही. आणि जिची पिशवी अंडाशयांसकट निघाली आहे, तिला पाळी नाही, पण रजोनिवृत्तीचा सगळा त्रास पस्तिशीत एकदम येऊन आदळलेला असतो.

या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एक जण होती, वय 48. भिंगाखाली टर्मिनलची क्रिंप बघायची. तिच्या हातून तीन-चार वेळा खराब नग पुढे गेले आणि तिला मेमो मिळाला. समितीच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की रात्री दोन-तीनदा घामाने कपडे भिजून ती उठते, झोप तुकड्यांत होते, आणि दर आठवड्याला कामाची पाळी बदलते त्यामुळे झोपेचं गणित कधी बसतच नाही. दिवसा अचानक छातीपासून वर गरम लाट येते, चेहरा लाल होतो, भिंगावर वाफ धरते. लाट काही मिनिटांत जाते, पण तेवढ्यात पाच-सहा नग हाताखालून गेलेले असतात. अंगात गळ्यापर्यंत बटणांचा सिंथेटिक कोट, तोही एकच. "म्हातारी झालीस" असं कुणी म्हणू नये म्हणून ती गप्प होती.

तिच्यासाठी काय लागलं? तीन महिने पाळी न बदलता फक्त दिवसपाळी. टेबल एसीच्या झोताजवळ. सुती मिश्रणाचा कोट आणि एक जास्तीचा. लाट आली की दोन मिनिटं टेबल सोडण्याची मुभा. यातल्या कशालाही मोठा खर्च आला नाही. अवघड होतं ते पाळीपालट थांबवणं, कारण तिची रात्रपाळी दुसऱ्या कुणाला तरी जाते. समितीने ते तीन महिन्यांपुरतं, फिरत्या यादीने आणि कारखान्याच्या डॉक्टरांच्या शिफारशीवर ठेवलं. डॉक्टरांकडे कारण राहील, सुपरवायझरकडे फक्त "दिवसपाळी, तीन महिने" एवढं येईल. ब्रिटनमध्ये 2023 मध्ये पाळी आणि रजोनिवृत्ती या दोन्हींसाठी कामाच्या जागेचं एकत्र मानक निघालं, बीएस 30416. त्याचाही भर काम आणि जागा माणसाप्रमाणे थोडी बदलण्यावर आहे.

डॉक्टरांच्या कामाविषयी समितीने दोन गोष्टी ठासून लिहिल्या. एक, चाळिशीनंतर जास्त जात असेल तर "या वयात चालायचंच" म्हणून गोळी देऊन पाठवू नये; रक्त तपासावं, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावं. गाठ असू शकते, थायरॉइड असू शकतो, आणि रक्तही कमी झालेलं असू शकतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. दोन, पाळी पूर्ण वर्षभर थांबल्यावर पुन्हा एकदा जरी डाग दिसला, तरी तपासणी लगेच व्हायला हवी, कारण तो गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकतो. आज या सभागृहात बसलेल्या बायकांनीही हे लक्षात ठेवावं.

पैशाच्या प्रश्नावर वित्त विभागाने बरोबर बोट ठेवलं. वर्षाच्या 300 कामाच्या दिवसांत 12 म्हणजे चार टक्के. सगळ्यांनी सगळी रजा घेतली तर एवढा बोजा येईल. समितीने तो नाकारला नाही. आज न सांगता पडणारे खाडे, अर्ध्या दिवसाने घरी जाणारी माणसं आणि परत येणारा खराब माल हे शेजारी मांडा, एवढंच म्हटलं. आणि वर्षाच्या शेवटी वापर विभागवार बघा. एखाद्या विभागात वापर शून्य असेल तर तिथे कुणाला त्रास नाही असं समजू नका. तिथला सुपरवायझर कोण आहे ते बघा.

शेवटचं कलम कंत्राटी बायकांचं, आणि माझ्या मते सर्वांत कठीण. लाइनवर त्याच जास्त. कंपनी ठेकेदाराला हजर माणसाच्या दिवसावर बिल देते. बाई रजेवर गेली तर बिल नाही, म्हणून ठेकेदार पगार देत नाही. कंपनीने कितीही चांगलं धोरण भिंतीवर लावलं, तरी ते त्या बाईपर्यंत पोचत नाही. समितीने मागितलं की ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येच आरोग्य रजेचा दिवस बिलात धरला जावा आणि हजेरी भत्त्याचा नियम कायम कामगारांसारखाच असावा. कंपनीने स्वच्छतागृह, रिलीव्हर, कोट, डॉक्टर आणि कायम कामगारांची रजा मान्य केली. रजा 12 ऐवजी आठ दिवस, पण भत्त्याचं वाक्य जसंच्या तसं. वर्क ऑर्डरचं कलम "विचाराधीन" म्हणून बाजूला ठेवलं. ठेकेदारांचे करार मार्चअखेर नव्याने होतात, आणि कराराच्या मसुद्यात ते कलम घालून समितीने तो जानेवारीतच खरेदी विभागाकडे पाठवला आहे.